एमआर व्हेनोग्राफीत शीर दिसत नाही, म्हणजे गुठळीच का?

२९ वर्षांची एक बाई. कॉलेजपासून तिला मायग्रेन आहे. अर्धं डोकं ठणकतं, उजेड नकोसा होतो, एखादी उलटी झाली की हलकं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी ती कामाला लागलेली असते. या वेळी मात्र आठ दिवस झाले तरी डोकं उतरलेलं नाही. पहिल्या दिवशी जरा जड होतं, मग रोज थोडं थोडं वाढत गेलं. पहाटे जाग येते ती दुखण्यानेच. आडवं झालं की वाढतं, उठून बसलं की थोडं कमी होतं. खोकला आला, वाकून काही उचललं की डोकं फुटेलसं वाटतं. डॉक्टरांना ती सांगते, "हे माझं नेहमीचं नाही."

ही कुणी एक खरी व्यक्ती नाही. अशा दुखण्याच्या ज्या बायका तपासणीला येतात, त्यांच्यावरून उभा केलेला हा नमुना आहे. पण यातलं शेवटचं वाक्य खरोखर ऐकायला मिळतं, आणि माझ्या मते सगळ्या तपासण्यांआधी वजन द्यायचं ते त्यालाच. ज्याला वर्षानुवर्षं मायग्रेन आहे त्याला आपल्या दुखण्याची चाल पाठ असते. ती चाल बदलली असं तो म्हणत असेल, तर "तुम्हाला मायग्रेन आहेच ना" हे त्यावरचं उत्तर नव्हे.

आणखी दोन गोष्टी तिने आपणहून सांगितल्या नाहीत, विचारल्यावर सांगितल्या. उभं राहताना किंवा वाकल्यावर दोन-चार सेकंद डोळ्यांपुढे अंधारी येते आणि लगेच जाते. आणि रात्री उशीवर डोकं टेकलं की उजव्या कानात नाडीच्या ठोक्याबरोबर 'हुश्श हुश्श' असा आवाज येतो. मग तिसरा प्रश्न: कुठल्या गोळ्या चालू आहेत? पाळी नियमित यावी म्हणून चार महिन्यांपूर्वी सुरू केलेल्या, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या. डोकेदुखीशी त्यांचा काही संबंध असेल असं तिला वाटलंच नव्हतं, म्हणून तिने त्यांचं नाव काढलं नव्हतं.

या तिन्ही उत्तरांचा रोख एकाच जागेकडे जातो. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची चर्चा आपण पुष्कळ ऐकतो, पण ते रक्त परत नेणारी व्यवस्था वेगळी असते. मेंदूतल्या लहान शिरा कवटीच्या आतल्या बाजूला असलेल्या रुंद वाहिन्यांत उघडतात. या वाहिन्यांनाही सायनसच म्हणतात. नाकाच्या बाजूच्या, सर्दीत भरणाऱ्या सायनसशी त्यांचं काही नातं नाही. त्यातली एक टाळूच्या मधोमध पुढून मागे जाते, ती सुपीरियर सॅजिटल सायनस. डोक्याच्या मागे तिचं रक्त डावीकडे आणि उजवीकडे वाटलं जातं, त्या दोन आडव्या वाहिन्या म्हणजे ट्रान्सव्हर्स सायनस. त्या पुढे कानामागून वळून मानेतल्या जुग्युलर शिरेला मिळतात. कानातला आवाज बहुधा इथूनच येतो, कारण ही वाहिनी कानाला अगदी खेटून जाते.

आता या वाहिनीत गुठळी झाली, म्हणजे सेरेब्रल व्हीनस सायनस थ्रॉम्बोसिस हा आजार झाला, तर काय होतं? रक्त मागे तुंबतं. पण आणखी एक गोष्ट तुंबते, ती लक्षात घेतली की लक्षणांचा उलगडा होतो. मेंदूभोवतीचं पाणी, म्हणजे सेरेब्रोस्पायनल फ्लुइड, दिवसभर तयार होत असतं आणि त्याचा बराच भाग याच सायनसमध्ये शोषला जातो. सायनसमधला दाब वाढला की पाणी आत शिरेनासं होतं. मोरीचं तोंड बुजल्यावर नळ चालूच राहावा, तशी ही गत. कवटी तर हाडाची, फुगू शकत नाही, म्हणून आतला दाब चढतो. आडवं झाल्यावर शिरांतला दाब तसाही वाढतो, त्यामुळे पहाटेचं दुखणं. दाब डोळ्यांच्या नसेपर्यंत पोचतो आणि नसेचं तोंड सुजतं, त्यामुळे क्षणभराची अंधारी. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी नस दाबली गेली तर लांबच्या वस्तू दोन दिसतात.

प्रत्येकीची गोष्ट अशीच सुरू होते असं नाही. कुणाला पहिल्यांदा फिट येते, कुणाचा एक हात किंवा पाय लुळा पडतो, क्वचित दुखणं एका क्षणात विजेसारखं सुरू होतं. पण डोकेदुखी जवळपास सगळ्यांत असते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या ६२४ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात दहापैकी जवळजवळ नऊ जणांना डोकेदुखी होती आणि बहुसंख्य रुग्ण बायका होत्या. तरुण बायकांत हा आजार जास्त दिसतो त्याचं मुख्य कारण हार्मोन: इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या, गरोदरपणाचे शेवटचे महिने आणि त्याहूनही बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे. शरीर त्या काळात रक्त गोठण्याकडे झुकलेलं असतं. गोळ्या घेणाऱ्या असंख्य बायकांपैकी फार थोड्यांना हा आजार होतो, हेही तितकंच खरं. बहुतेकदा गोळीच्या जोडीला दुसरं काहीतरी असतं: रक्त गोठण्याचा घराण्यातला दोष, अंगातलं पाणी कमी होणं, लोहाच्या कमतरतेचा जुना ॲनिमिया, कानात मुरलेला संसर्ग.

पाचव्या दिवशी तिचा साधा सीटी स्कॅन झाला होता. रिपोर्ट नॉर्मल. इथेच बरेच दिवस वाया जातात, कारण सीटी नॉर्मल म्हटल्यावर घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि वेदनाशामकाची चिठ्ठी बदलते. साध्या सीटीत ताजी गुठळी कधी कधी पांढऱ्या पट्ट्यासारखी दिसते, पण बऱ्याच रुग्णांत ती दिसतच नाही. मेंदूला अजून इजा झाली नसेल, तर दाखवायला सीटीकडे काही नसतं. डी-डायमर ही रक्ततपासणीही अशीच अर्धी मदत करते. ती वाढलेली असेल तर संशय बळावतो, पण फक्त डोकेदुखी असलेल्यांत किंवा दुखणं जुनं झाल्यावर ती नॉर्मल येऊ शकते. म्हणून तिच्या भरवशावर प्रकरण बंद करता येत नाही.

तिच्या बाबतीत गाडं पुढे सरकलं ते डोळ्यांच्या तपासणीने. थेंब टाकून पडदा पाहिला तर दोन्ही डोळ्यांत नसेचं तोंड सुजलेलं, कडा पुसट झालेल्या. याला पॅपिलीडीमा म्हणतात. नेहमीच्या मायग्रेनमध्ये हे होत नाही. नवव्या दिवशी एमआरआय आणि एमआर व्हेनोग्राफी झाली.

व्हेनोग्राफीचं चित्र काळ्या पार्श्वभूमीवर शिरांचं पांढरं झाड असावं तसं दिसतं, आणि पेशंटला वाटतं की हा शिरांचा फोटो आहे. खरं तर बहुतेक ठिकाणी आधी जी पद्धत वापरतात, ती टाइम ऑफ फ्लाइट, शिरेचा नव्हे तर वाहत्या रक्ताचा फोटो काढते. मशीन एका पातळ कापावर पुन्हा पुन्हा रेडिओ लहरी सोडत राहतं. त्या कापात जे काही स्थिर आहे ते या माऱ्याने दमून काळं पडतं. बाहेरून नव्याने शिरणाऱ्या रक्ताने हा मार खाल्लेला नसतो, म्हणून ते चमकतं. सुई नाही, औषध नाही, सोपी तपासणी. पण यातून एक गोष्ट आपोआप ठरते: चित्रात शीर दिसली नाही, तर तिथे "चमकणारं रक्त नाही" एवढंच कळलं. का नाही, हे त्या चित्रात लिहिलेलं नसतं.

आपल्या बाईच्या चित्रात तीन गोष्टी होत्या. टाळूवरच्या मोठ्या सायनसचा मागचा भाग गायब. उजवा ट्रान्सव्हर्स सायनस जवळजवळ गायब, फक्त त्याच्या जागी एक राखाडी, धुरकट पट्टा. आणि डावा ट्रान्सव्हर्स सायनस दोऱ्यासारखा बारीक, मध्येच तुटलेला. घाईने वाचणारा म्हणेल, "दोन्हीकडे गुठळी आहे, उजवीकडे थोडं रक्त अजून वाहतंय." यातली दोन्ही अर्धी वाक्यं चुकीची ठरली.

आधी डावीकडचं पाहू. माणसाचे दोन ट्रान्सव्हर्स सायनस सारखे असतीलच असं नाही. बहुतेकांत उजवा मोठा असतो आणि डावा कमी-जास्त बारीक. त्यात भर म्हणजे ही वाहिनी आडवी जाते. काप उभा घेतला तर रक्त कापाला भेदून जाण्याऐवजी कापातल्या कापातच पुढे सरकतं, तेही लहरींचा मार खातं आणि काळं पडतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नॉर्मल एमआरआय असलेल्या १०० जणांची अशी व्हेनोग्राफी पाहिली, तेव्हा ३१ जणांत ट्रान्सव्हर्स सायनसमध्ये असा तुटका भाग दिसला, आणि तो बहुतांशी बारीक बाजूलाच. म्हणजे धडधाकट माणसांतही जवळजवळ तिसरा हिस्सा. केवळ डोकेदुखीसाठी काढलेल्या व्हेनोग्राफीत डावीकडे तुटकेपणा दिसला आणि त्यावरून रक्त पातळ करण्याचं औषध सुरू झालं, असं होऊ शकतं. ते औषध निरुपद्रवी नाही.

मग बारीक शीर आणि बुजलेली शीर यांतला फरक ओळखायचा कसा? चित्राच्या बाहेर पाहून. शीर जन्मतःच बारीक असेल तर कवटीत तिच्यासाठी असलेली खाच आणि जुग्युलर शीर जिथून बाहेर पडते ते हाडातलं छिद्रही त्या बाजूला लहान असतं. हाड काही नऊ दिवसांत आकसत नाही. त्यामुळे पाचव्या दिवसाचा तो 'निरुपयोगी' सीटी इथे कामाला आला. हाडं ठळक दिसतील अशा मांडणीत तो पाहिल्यावर डावीकडचं छिद्र उजवीकडच्या निम्मंसुद्धा नव्हतं. शिवाय साध्या एमआरआयच्या कापांत डावा सायनस बारीक असला तरी आतून रिकामा, वाहत्या रक्ताचा काळेपणा असलेला दिसत होता. म्हणजे डावीकडे गुठळी नव्हती.

उजवीकडची चूक याच्या बरोबर उलट आहे, आणि मला ती जास्त धोक्याची वाटते. तो धुरकट पट्टा वाहतं रक्त नव्हता. गुठळी जुनी होत जाते तसं तिच्यातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतं आणि एमआरआयवरचा तिचा रंगही बदलतो. टी१ आणि टी२ ही एमआरआयची दोन वेगवेगळ्या प्रकारे काढलेली चित्रं. साधारण पहिले पाच दिवस गुठळी टी१ चित्रात मेंदूसारखीच करडी असते आणि टी२ चित्रात काळी. वाहतं रक्तही टी२वर काळंच दिसतं, त्यामुळे ताजी गुठळी इथे डोळ्यांदेखत निसटू शकते. त्यानंतर साधारण पंधराव्या दिवसापर्यंत ती टी१वर चकाकते. टाइम ऑफ फ्लाइट ही पद्धत मुळात टी१च्याच जातीची, म्हणून स्थिर असूनही ती गुठळी तिथे पुसट उजळते आणि रक्त वाहत असल्याचा भास होतो. आपली बाई नवव्या दिवसावर होती. साध्या टी१ चित्रात उजवा सायनस पांढरा आणि फुगलेला होता. एसडब्ल्यूआय नावाच्या, रक्ताच्या अंशालाही ओळखणाऱ्या चित्रात तोच भाग ठळक काळा. दोन्ही चित्रं एकाच जागेवर बोट ठेवत होती.

शंका उरू नये म्हणून गॅडोलिनियम हे रक्त चित्रात उजळवणारं औषध शिरेतून देऊन व्हेनोग्राफी पुन्हा केली. या पद्धतीत रक्ताच्या वेगावर फारसं अवलंबून राहावं लागत नाही, पोकळी भरते की नाही एवढं दिसतं. डावा सायनस बारीक, पण सलग भरला. उजवा भरला नाही; त्याच्या भिंती उजळल्या आणि आतला गाभा काळा राहिला. इथेही एक खाचखळगा आहे. सायनसच्या आत पाणी शोषणाऱ्या गाठी असतात, त्या गोल, सुबक, एकेकट्या दिसतात आणि मुख्यतः ट्रान्सव्हर्स सायनसच्या बाहेरच्या टोकाकडे असतात. त्यांना गुठळी समजू नये. गुठळी लांबट असते आणि वाहिनीच्या आकारात पसरते. गरोदर बाईला गॅडोलिनियम शक्यतो देत नाहीत, तिथे साधे काप आणि एसडब्ल्यूआय यांवरच जास्त भिस्त ठेवावी लागते. एमआरआय लवकर मिळत नसेल तर सीटी व्हेनोग्राफी हा चांगला पर्याय आहे.

आता दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या की तिचं दुखणं इतकं का वाढलं ते कळतं. डावी वाट जन्मापासूनच अरुंद, त्यामुळे तिच्या मेंदूचं बहुतेक रक्त उजवीकडूनच उतरत होतं. नेमकी तीच वाट बुजली. डावीकडचा बारीकपणा आजार नव्हता, पण त्याच्यामुळे आजार महाग पडला.

एमआरआयमध्ये आणखी एक गोष्ट दिसली: उजव्या कानशिलाच्या बाजूला, टेम्पोरल लोबमध्ये, साधारण दीड सेंटिमीटरचा रक्तस्रावाचा डाग आणि भोवती सूज. त्या भागाची शीर उजव्या ट्रान्सव्हर्स सायनसमध्ये उतरते. पुढची वाट बंद, मागून धमनी रक्त लोटतेच आहे, शेवटी बारीक वाहिन्या फुटतात. अशा इजेचा आकार धमनी बंद पडून होणाऱ्या पक्षाघाताच्या ठरलेल्या हद्दीत बसत नाही, आणि पुष्कळदा तीच पहिली खूण असते.

इथे नातेवाईक हमखास अडतात. मेंदूत रक्त आलंय आणि डॉक्टर रक्त पातळ करायचं इंजेक्शन देताहेत? प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असं की हा रक्तस्राव तुंबल्यामुळे झालाय, वाट मोकळी झाली नाही तर तो वाढेल. १९९१ साली जर्मनीतून प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत निम्म्या रुग्णांना हेपरिन हे रक्त पातळ करणारं औषध आणि निम्म्यांना औषध नसलेलं द्रावण दिलं. २० रुग्ण झाल्यावरच चाचणी थांबवावी लागली, इतका फरक दिसला. औषध न मिळालेल्यांत तिघे दगावले, हेपरिनच्या गटात कुणीच नाही. चाचणी लहान होती, पण पुढच्या अनुभवानेही दिशा तीच ठेवली. आज तुंबण्यामुळे झालेला रक्तस्राव हे हेपरिन न देण्याचं कारण मानलं जात नाही.

तिचं वजन ६० किलो, म्हणून एनॉक्सापॅरिन हे हेपरिनच्याच जातीचं औषध ६० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पोटाच्या कातडीखाली. इस्ट्रोजेनच्या गोळ्या त्याच दिवशी बंद. हे औषध गुठळी विरघळवत नाही, ती वाढू देत नाही. विरघळवायचं काम शरीर स्वतः करतं आणि त्याला आठवडे लागतात. कॅथेटर घालून गुठळी काढण्याचा मार्ग आहे, पण सगळ्यांसाठी तो वापरून फायदा होतो असं चाचणीत दिसलेलं नाही. औषधावर असूनही कुणी ढासळत असेल तर त्याचा विचार होतो. सूज इतकी वाढली की मेंदू खाली दाबला जाऊ लागला, तर कवटीचा तुकडा काढून जागा करून देण्याची शस्त्रक्रिया जीव वाचवते.

प्रकृती स्थिरावल्यावर इंजेक्शनवरून गोळीवर आणतात. वॉरफरिन असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय हे सांगणारा आकडा, २ ते ३च्या दरम्यान ठेवायचा. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या १२० रुग्णांच्या चाचणीत डॅबिगॅट्रान आणि वॉरफरिन या दोन्ही गटांत २४ आठवड्यांत कुणालाच पुन्हा गुठळी झाली नाही, तेव्हापासून नव्या गोळ्यांचा वापर वाढला. अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम हा रक्त सहज गोठवणारा आजार असेल तर मात्र वॉरफरिनच बरं, आणि गरोदरपणात दोन्ही नकोत, हेपरिनची इंजेक्शनंच चालू ठेवतात. कारण तात्पुरतं आणि काढून टाकता येण्यासारखं असेल तर औषध तीन ते सहा महिने, कारण सापडलंच नाही तर सहा ते बारा महिने, आणि गुठळ्या पुन्हा होत असतील किंवा रक्तातला दोष गंभीर असेल तर कायम. रक्त गोठणं आवरणाऱ्या प्रोटीन सी आणि एस यांच्या तपासण्या पहिल्या आठवड्यातच उरकण्याची घाई करू नये. ताज्या गुठळीत आणि वॉरफरिनवर त्या खोट्याच कमी येतात, आणि मग नसलेला घराण्याचा दोष माणसाच्या कपाळी चिकटतो.

या सगळ्यात डोळ्यांकडे दुर्लक्ष होतं, असं मला वाटतं. डोकं दुखायचं थांबलं म्हणजे नसेवरचा दाब गेला असं नाही. समोरचं अक्षर नीट वाचता येत असतानाही दृष्टीचा घेर कडेने आकसत जाऊ शकतो, आणि तो माणसाच्या लक्षात येत नाही. म्हणून सुरुवातीला दर थोड्या दिवसांनी व्हिज्युअल फील्डची तपासणी हवी. दाब कमी करण्यासाठी ॲसिटाझोलामाइड देतात. बोटांना मुंग्या येतात, सोडा असलेल्या पेयांची चव विचित्र लागते, त्यानं घाबरून गोळी बंद करू नये. दृष्टी तरीही उतरत असेल तर पाठीतून पाणी काढणं किंवा शस्त्रक्रिया यांचा निर्णय लवकर घ्यावा लागतो, आणि पाणी काढायचं तर रक्त पातळ करणाऱ्या औषधाची वेळ सांभाळूनच.

सहा महिन्यांनी व्हेनोग्राफी पुन्हा केली. टाळूवरचा सायनस मोकळा, उजवा ट्रान्सव्हर्स बराचसा मोकळा, पण कडा खडबडीत. पूर्ण मोकळा झाला नाही म्हणजे उपचार फसला असं नव्हे. कित्येकांचं चित्र असंच राहतं आणि ते उत्तम जगतात. औषध किती दिवस हे एकट्या चित्रावर ठरत नाही. या स्कॅनचा खरा उपयोग पुढे होतो. उद्या तिला पुन्हा डोकेदुखी झाली (मायग्रेन तर आहेच), तर नव्या चित्रातला तुटका भाग नवा की जुना, हे याच चित्राशी ताडून ठरवायचं. म्हणून फक्त रिपोर्टचा कागद नको, सीडी जपून ठेवावी.

गर्भनिरोधनासाठी आता इस्ट्रोजेन असलेलं काहीही नको, गोळी नाही, पॅच नाही, रिंगही नाही. तांब्याची कॉपर-टी चालते, आणि फक्त प्रोजेस्टेरॉन असलेले काही पर्याय डॉक्टरांशी बोलून निवडता येतात. मूल होऊ देता येईल का, हा प्रश्न बहुतेक जणी शेवटी, दाराशी पोचल्यावर विचारतात. येईल. पुन्हा गुठळी होण्याचा धोका कमी आहे, पण शून्य नाही. म्हणून गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर किमान सहा आठवडे हेपरिनची प्रतिबंधक इंजेक्शनं सुचवली जातात, आणि गर्भ राहण्याआधी वॉरफरिन किंवा डॅबिगॅट्रान चालू असेल तर ते वेळीच बदलावं लागतं. म्हणजे हा प्रश्न पाळी चुकल्यावर नव्हे, त्याच्या आधी डॉक्टरांपुढे यायला हवा.